हुंकार देणारा माणूस

डार्टमूरच्या माळावर जॉन स्ट्रेकर नावाचा घोड्यांचा प्रशिक्षक मरून पडला आहे. जबर घावाने त्याची कवटी फुटली आहे. त्याच्या देखरेखीखालचा सिल्व्हर ब्लेझ हा शर्यतीचा नामांकित घोडा त्याच रात्री बेपत्ता झाला आहे. मृताजवळ सापडलेल्या वस्तू टेबलावर मांडलेल्या आहेत. काड्यांची पेटी आहे, मेणबत्तीचा तुकडा आहे, पाइप, घड्याळ, थोडी सोन्याची नाणी, काही कागद आहेत. शेरलॉक होम्स त्यातली हस्तिदंती मुठीची एक नाजूक सुरी उचलतो, उलटसुलट करून पाहतो आणि वॉटसनला म्हणतो की ही वस्तू तुमच्या धंद्यातली दिसते. वॉटसन डॉक्टर. तो क्षणात ओळखतो, की ही मोतीबिंदू काढायची सुरी.

वाचकाला जे कळायला हवं ते सगळं या घटकेला कळलेलं असतं. घोडे सांभाळणारा माणूस मध्यरात्री ओल्या माळावर जातो, तेव्हा त्याच्या हातात डोळ्यांच्या डॉक्टरची सुरी कशाला? वॉटसन सुरीचं नाव सांगतो आणि तिथेच थांबतो. इन्स्पेक्टर ग्रेगरी एक सोयीचा खुलासा पुढे करतो, की सुरी गेले काही दिवस घरात आरशापाशी पडलेली होती, निघताना हाताला लागली ती त्याने उचलली. खुलासा ऐकायला बरा वाटतो, म्हणून आपणही त्या सुरीवरून पुढे सरकतो. ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही आर्थर कॉनन डॉइलची गोष्ट डिसेंबर १८९२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आली. गुप्तहेराच्या मालिकेत सोबती कशासाठी लागतो, याचं उत्तर मला या एका सुरीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचित दुसरीकडे दिसतं.

नेहमीचं उत्तर असं, की नायक हुशार दिसावा म्हणून शेजारी एक मंद माणूस उभा करायचा. नायकाची वाहवा करायला कोणी तरी हवं, त्याला बोलायला कोणी तरी हवं. यात तथ्य आहे, पण ते वरवरचं आहे. सोबत्याचं खरं काम पाहणं आणि समजणं या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचं आहे. गुप्तहेराच्या डोक्यात त्या एकत्रच असतात. त्याने सुरी पाहिली की तिचा अर्थही त्याला लागायला सुरुवात होते. आपण त्याच्या डोक्यात बसलो तर गोष्ट पहिल्या दहा पानांत संपेल. आपण त्याच्यापासून फार लांब उभे राहिलो, तर त्याने काय पाहिलं तेही कळणार नाही आणि शेवटचा उलगडा जादूगाराच्या टोपीतून काढलेल्या सशासारखा वाटेल. या दोहोंच्या मधली जागा सोबत्याची. तो गुप्तहेराच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो, तीच वस्तू बघतो, तेच बोलणं ऐकतो, आणि जे दिसलं ते जसंच्या तसं आपल्याकडे पोचवतो. त्याच्या चाळणीतून वस्तुस्थिती खाली पडते, अर्थ वर राहतो.

ही युक्ती डॉइलची नव्हे. एडगर ॲलन पो याने १८४१ मध्ये ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ लिहिली तेव्हाच द्युपॅंशेजारी एक मित्र बसवला होता. तो गोष्ट सांगतो, पण त्याला नावसुद्धा नाही. शेजाऱ्यांच्या साक्षी त्याने द्युपॅंबरोबरच वर्तमानपत्रात वाचलेल्या आहेत. बंद खोलीतून आलेला कर्कश आवाज कोणत्या भाषेतला, यावर साक्षीदारांचं एकमत नाही. प्रत्येकाला तो स्वतःला न येणाऱ्या कुठल्या तरी परक्या भाषेतला वाटतो. मित्राला हा नुसता गोंधळ दिसतो. द्युपॅंला तिथे उत्तर दिसतं. चौकट पोने उभी केली. डॉइलने १८८७ मध्ये ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये त्या निनावी मित्राला नाव दिलं, पेशा दिला, अफगाणिस्तानात लागलेली गोळी दिली, आणि भाड्यात भागीदार शोधायला लावणारी पैशांची तंगी दिली. तिथून पुढे तो मित्र नुसती युक्ती राहिला नाही, माणूस झाला.

‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये हा माणूस नेमकं काय काय करतो ते जरा सावकाश पाहू.

गोष्ट सुरू होते आगगाडीत. होम्स डब्यात समोर बसलेल्या वॉटसनला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगतो, आणि दुसऱ्याला सांगितल्याने आपलंही डोकं साफ होतं असं त्याचं म्हणणं असतं. लेखकाची गरज इथे पात्राच्या गरजेत बेमालूम मिसळली आहे. आपल्याला पार्श्वभूमी हवी आहे, वॉटसनलाही हवी आहे, म्हणून होम्सचं लांबलचक निवेदन कुठेच खुपत नाही. तबेल्यात राखणीला बसलेल्या नेड हंटर या पोऱ्यासाठी मोलकरीण रात्री जेवण घेऊन जाते. जेवणात मसालेदार मटण. वाटेत सिम्प्सन नावाचा एक उपरा इसम तिला गाठतो आणि तबेल्याच्या खिडकीशी येऊन पोऱ्याकडून घोड्यांची माहिती काढू पाहतो. पोऱ्या कुत्रा सोडायला धावतो, तोवर इसम पसार. सकाळी पोऱ्या गुंगीत सापडतो, कारण मटणात अफूची पूड होती. माळ्यावर झोपलेल्या दोन पोरांना रात्रभर काहीही ऐकू आलेलं नसतं.

गेल्या दिवाळीच्या सुटीत ही गोष्ट मी माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला वाचून दाखवत होते. मटणापाशी ती म्हणाली, “मावशी, थांब. जेवायला काय करायचं ते कोणी ठरवलं?” मी काही न बोलता पुढे वाचलं. बाहेरच्या माणसाने अफू टाकली असेल, तर त्या रात्री अफूची चव लपवणारा झणझणीत पदार्थच त्या घरात शिजेल हे त्याला आधी कुठून कळणार? पदार्थ ठरवणं घरच्यांच्या हातात होतं. होम्सलाही हे आगगाडीत सुचलेलं नसतं. प्रशिक्षकाच्या घरापाशी घोडागाडी पोचते तेव्हा कुठे मटणाचं महत्त्व त्याच्या ध्यानात येतं, आणि हे तो आपल्याला शेवटी सांगतो. त्या क्षणी गोष्टीत आपल्याला दिसतं ते एवढंच, की सगळे खाली उतरले तरी होम्स गाडीतच बसून आभाळाकडे पाहतो आहे, आणि वॉटसनला त्याच्या डोळ्यांत चमक दिसते. वॉटसनला त्याच्या सवयी ठाऊक असल्यामुळे तो ओळखतो, की याच्या हाताला धागा लागला. कुठे लागला ते मात्र त्याला सांगता येत नाही.

मला सोबत्याची सगळ्यात मोलाची कामगिरी ही वाटते. तो आपल्याला ‘काय’ ते सांगू शकत नाही, पण ‘कधी’ ते अचूक सांगतो. उत्तर जवळ आलं, आत्ताच जवळ आलं, म्हणजे गेल्या दोन-तीन पानांत काही तरी होतं. सावध वाचक तिथे थांबून मागे जातो. होम्सचा जुना मित्र नसलेला कोणी ही खूण देऊ शकला नसता. गावातल्या माणसाला तो नुसता तंद्री लागलेला वाटला असता.

पुढे होम्स तबेल्याजवळच्या मेंढ्यांची चौकशी करतो. अलीकडे त्यांतल्या तीन लंगडू लागल्या आहेत असं कळतं, आणि होम्स हात चोळत खुश होतो. घोड्याचे मालक कर्नल रॉस यांच्या चेहऱ्यावर होम्सबद्दलची नापसंती तशीच असते, पण इन्स्पेक्टरचे कान टवकारले गेल्याचं वॉटसन टिपतो. म्हणजे तो आता वस्तूंबरोबर माणसांचे चेहरेही वाचून दाखवतो आहे. एकाच वाक्यावर दोन माणसांच्या दोन तऱ्हा दिसल्या की वाक्याचं वजन आपल्याला कळतं. आणि मग तो प्रसिद्ध कुत्रा येतो. त्या रात्री कुत्र्याने काहीच केलं नाही, हीच नवलाची गोष्ट आहे असं होम्स सुचवतो. पुष्कळांच्या आठवणीत होम्सला हे बोलतं करणारा प्रश्न विचारतो तो वॉटसन. प्रत्यक्षात विचारतो तो ग्रेगरी. आठवणीतली ही चूक मला अर्थपूर्ण वाटते, कारण प्रश्न विचारणाऱ्याची जागा वॉटसनची आहे हे आपण इतकं गृहीत धरलं आहे, की दुसऱ्या कोणी विचारलं तरी ते त्याच्याच खात्यावर जमा होतं.

कुत्रा भुंकला नाही, म्हणजे रात्री तबेल्यात शिरलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता. मटण घरात ठरलं. खिशात दुसऱ्याच्या नावाचं, बायकांच्या महागड्या कपड्यांचं बिल होतं, म्हणजे मालकाचा विश्वासू नोकर कुठे तरी पैसे उधळत होता. सुरी घोड्याच्या पायाची शीर वरून दिसणार नाही इतकी नाजूक कापण्यासाठी होती, आणि मेंढ्यांवर त्याने हात बसवून पाहिला होता. माळावर काडी पेटली, घोडा बुजला, त्याची लाथ बसली. शोधत होतो तो खुनी म्हणजे घोडाच. हे सगळं वॉटसनने आपल्याला दाखवलेलं होतं. त्याने काही दडवलं नाही, कारण त्याच्याजवळ दडवण्यासारखं काही नव्हतं.

शेवटच्या वाक्यातला मुद्दा किती खरा आहे, हे खुद्द डॉइलने नकळत सिद्ध करून ठेवलं आहे. होम्सच्या छप्पन्न लघुकथा आणि चार कादंबऱ्या आहेत. त्यांतल्या दोन कथा होम्स स्वतः सांगतो, ‘द ब्लांच्ड सोल्जर’ आणि ‘द लायन्स मेन’. दोन्ही १९२६ च्या. पहिल्या कथेत जेम्स डॉड नावाचा तरुण युद्धातल्या आपल्या दोस्ताचा, गॉडफ्रे एम्सवर्थचा शोध घेत येतो. गॉडफ्रेचे वडील सांगतात की तो जगप्रवासाला गेला आहे, पण डॉडला घराच्या खिडकीत त्याचा पांढराफटक चेहरा दिसलेला असतो. होम्स त्या घरी जातो. दिवाणखान्याबाहेर म्हाताऱ्या नोकराने आपले चामडी हातमोजे काढून टेबलावर ठेवलेले असतात. होम्स आपली टोपी मुद्दाम खाली पाडतो, उचलायला वाकतो आणि नाक हातमोज्यांजवळ नेतो. त्यांना डांबरासारखा जंतुनाशकाचा वास येत असतो.

इथे गोष्ट अडखळते. वासाबद्दल न सांगावं तर वाचकाशी लबाडी, आणि सांगावं तर पत्ते उघडे, कारण घरात संसर्गाचं काही तरी लपवलं आहे हे तिथेच कळतं. होम्स उघड हळहळतो, की आपली गोष्ट आपणच सांगायची तर असे पत्ते दाखवावे लागतात. हेच दुवे मागे ठेवून वॉटसन आपले शेवट एवढे झगमगीत करत असे, अशी कबुलीही तो देतो. लेखकाला स्वतःच्या पात्राच्या तोंडून तक्रार करावी लागते, इतकी ही अडचण खरी आहे. वॉटसन तिथे असता तर काय झालं असतं? होम्सची टोपी पडली, तो वाकला, उठला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता, असं त्याने लिहिलं असतं. वास होम्सच्या नाकातच राहिला असता. वाचकाला टोपी मिळाली असती, हातमोजे मिळाले असते, चेहरा मिळाला असता, आणि कुष्ठरोगाचा संशय शेवटच्या पानापर्यंत टिकला असता.

अर्थात वॉटसनही इथे पूर्ण निर्दोष नाही. वास आपल्याला कळू न देणं हे काटेकोर न्यायाने पाहिलं तर लपवणंच आहे. फरक एवढाच, की सोबती दडवतो ते अज्ञानाने आणि गुप्तहेर स्वतः दडवील ते हेतुपुरस्सर. वाचक पहिलं माफ करतो. पुढच्या पिढीला मात्र तेवढं पुरेना. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्री आणि रहस्यकथाकाराने रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. एक आज्ञा गुप्तहेरासाठी होती, की सापडलेला प्रत्येक धागा त्याने वाचकासमोर ताबडतोब ठेवावा. दुसरी सोबत्यासाठी होती. डोक्यात आलेला कोणताही विचार त्याने लपवू नये, आणि त्याची बुद्धी सरासरी वाचकापेक्षा थोडी कमी असावी. फक्त थोडी.

त्या ‘थोडी’त सगळं कसब आहे. सोबती वाचकापेक्षा किंचित मागे असला, की वाचकाला त्याच्या पुढे जाण्याची उमेद राहते. तो फार मागे पडला, की आपण त्याचं ऐकणं सोडून देतो. १९३९ ते १९४६ या काळात बॅसिल रॅथबोनने होम्स आणि नायजेल ब्रूसने वॉटसन रंगवलेले चौदा चित्रपट आले. ब्रूसचा वॉटसन प्रेमळ, गोंधळलेला, धडपडणारा म्हातारा आहे. तो आवडतो, पण त्याच्या डोळ्यांनी कोणी काही बघत नाही. त्याने एखाद्या वस्तूचं नाव सांगितलं तर आपण ते खरं मानू का, ही साधी कसोटी लावून पाहावी. मोतीबिंदूची सुरी त्याच्या हातात दिली असती तर आपल्याला होम्सच्या दुजोऱ्याची वाट बघावी लागली असती. डॉइलचा वॉटसन मूर्ख नाही, तो अनुभवी डॉक्टर आहे, लष्करात राहिलेला आहे, आणि ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये होम्स त्याला एकट्याला माळावर पाठवतो तेव्हा तो बरंच काही स्वतः शोधून काढतो. बहुतेक आपण शोधलं असतं तितकंच.

सोबत्याचं अज्ञान कधी कधी वाचकापेक्षा गुप्तहेरालाच जास्त उपयोगी पडतं. ॲगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ १९२० ची. त्यात पॉयरो डोकं शांत करण्यासाठी पत्त्यांचे बंगले बांधत बसलेला असतो. कॅप्टन हेस्टिंग्ज शेजारी बसून सहज म्हणतो, की तुमचा हात किती स्थिर आहे, तो थरथरताना मी एकदाच पाहिला. कधी? मृत बाईंच्या कागदांच्या पेटीचं कुलूप फोडलेलं दिसलं तेव्हा. तुम्ही संतापून शेकोटीच्या फळीवरच्या वस्तू सरळ करत होता आणि हात पानासारखा हलत होता. हे ऐकताच पॉयरो ओरडून उठतो आणि धावत सुटतो. टापटिपीचा भोक्ता पॉयरो त्याच सकाळी एकदा त्या वस्तू सरळ करून गेला होता. मग त्या पुन्हा वाकड्या का झाल्या? कोणी तरी मधल्या वेळात तिथे घाईने काही तरी लपवलं म्हणून.

हेस्टिंग्जला स्वतःच्या वाक्याचं मोल समजलेलं नाही. आपल्यालाही नाही, आणि त्या वस्तू पॉयरो सरळ करत असताना आपण तिथे होतोच. गुप्तहेर स्वतःच्या हाताची थरथर पाहू शकत नाही. ती पाहायला दुसरा लागतो, आणि त्याला तिचा अर्थ ठाऊक नसेल तर जास्त बरं, कारण अर्थ ठाऊक असलेला माणूस बिनमहत्त्वाचं म्हणून ती गाळून टाकील. आपल्याकडे गोष्ट सांगताना समोर हुंकार देणारा बसलेला असावा लागतो. त्याचं ‘हं, मग?’ थांबलं की सांगणाऱ्याची गाडीही थांबते. पॉयरोजवळचा हेस्टिंग्ज असा हुंकार देणारा आहे. फरक एवढा, की त्याच्या हुंकारात अधूनमधून पुरावा सांडतो.

या जागेवरच्या माणसावर आपण किती डोळे मिटून विसंबतो, याची परीक्षा ख्रिस्तीने पुढे सहाच वर्षांनी घेतली. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ज्यांनी वाचली नाही त्यांनी हा एक परिच्छेद सोडून द्यावा. त्यात हेस्टिंग्ज अर्जेंटिनाला गेलेला आहे आणि गावचे डॉक्टर शेपर्ड पॉयरोचे सोबती होऊन हकिकत लिहितात. ते डॉक्टर, तेही वॉटसनसारखे. सगळं ते दाखवतात, आणि खुनीही तेच असतात. नॉक्सची आज्ञा अजून लिहिली जायची होती, पण ती कशावर उभी आहे हे त्यातून कळलं. सोबती विचार लपवत नाही, हा वाचक आणि लेखक यांच्यातला अलिखित करार होता. कराराचं कलम मोडलं गेलं तेव्हाच ते असल्याचं पुष्कळांच्या ध्यानात आलं.

पडद्यावर हा सगळा हिशेब बदलतो. तिथे सुरी कॅमेरा दाखवतो, त्यासाठी सोबत्याचे डोळे लागत नाहीत. निवेदकाचं काम जवळजवळ संपतं. मग सोबती उरतो कशाला? विचार दिसत नाही म्हणून. कागदावर एका ओळीत ‘त्याला शंका आली’ लिहिता येतं. पडद्यावर शंका यायची तर ती बोलून दाखवावी लागते, आणि एकटा माणूस मोठ्याने बोलू लागला तर तो वेडा दिसतो. इंग्रजी मालिका ‘इन्स्पेक्टर मोर्स’ १९८७ ते २००० या काळात तेहेतीस भागांत चालली. कॉलिन डेक्स्टरच्या कादंबऱ्यांतला सार्जंट लुइस हा मोर्सच्याच वयाच्या आसपासचा वेल्श गृहस्थ. पडद्यावर तो तरुण आणि उत्तर इंग्लंडचा केला गेला. बदल वरवरचा नाही. तरुण आणि वेगळ्या घडणीच्या माणसाला गोष्टी समजावून सांगणं मोर्सला भाग पडतं, आणि त्याला ‘साहेब, पण हे जमत नाही’ असं म्हणता येतं. मोर्स मोठा बुद्धिमान, आणि वारंवार चुकणारा. त्याच्या चुका बोलल्या गेल्याशिवाय आपल्याला दिसणार नाहीत, आणि लुइसच्या ‘पण’शिवाय त्या चुका आहेत हे कळणार नाही. सोबती इथे आपल्याला उत्तरापेक्षा उत्तराकडे जाताना टाकून दिलेल्या वाटा दाखवतो. मला त्या वाटांचं शिक्षण जास्त टिकाऊ वाटतं, कारण उत्तर विसरलं तरी कोणता तर्क का फसला हे लक्षात राहतं.

आपल्याकडे १९९८ पासून वीस वर्षं घराघरांत दिसलेल्या ‘सीआयडी’त ही जागा एका माणसाची राहिलीच नाही. प्रयोगशाळेत डॉ. साळुंखे परीक्षानळी हातात धरून उभे असतात, आणि प्रश्न विचारतात ते एसीपी प्रद्युम्न. शिवाजी साटम यांचा हा प्रमुख अधिकारी, पथकात सगळ्यात वरचा, विषाच्या रसायनापुढे मात्र तुमच्याआमच्यासारखा साधा श्रोता होतो. खोलीत जाणकार बदलला की हुंकार देणारा बदलतो. सोबती हे पात्र नसून जागा आहे, हे तिथे दिसतं.

जागा रिकामी ठेवून चालतं का? चालतं, पण गोष्टच उलटी करावी लागते. ‘कोलंबो’ या अमेरिकी मालिकेत सुरुवातीलाच खून आपल्यासमोर होतो. खुनी कोण हे आपल्याला माहीत, कोलंबोला माहीत नाही. काय दाखवायचं आणि काय राखून ठेवायचं ही सोबत्याची अडचणच उरत नाही, कारण आपण गुप्तहेराच्या पुढे आहोत. सुरकुतलेल्या रेनकोटातला लेफ्टनंट कोलंबो कायमचा सोबती न घेता हिंडतो. तरीही तो बोलतो, सारखा बोलतो, आणि बोलतो खुन्याशी. ‘आणखी एकच गोष्ट’ म्हणत तो दारातून परत येतो, आपल्या शंका त्यालाच सांगतो, खुलासा मागतो. हुंकार द्यायला तिथे खुनीच बसलेला असतो, आणि चुकीच्या ठिकाणी दिलेला एक हुंकार त्याला गोत्यात आणतो.

बंगालीत ही परंपरा आली ती आपल्याला जास्त ओळखीची, कारण तिचं घर आपल्यासारखं आहे. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ‘सत्यान्वेषी’त अजित कलकत्त्याच्या एका मेसमध्ये राहतो, आणि खोलीत भागीदार म्हणून आलेला अतुल नावाचा मुलगा म्हणजे व्योमकेश बक्षी आहे हे त्यालाही माहीत नसतं. दोघांच्या पहिल्या भेटीच्या या कथेत सोबत्याला गुप्तहेर कोण हेही ठाऊक नाही, तेव्हा आपली पाटी त्याच्याइतकीच कोरी. बासू चटर्जींनी १९९३ मध्ये दूरदर्शनसाठी मालिका केली तेव्हा रजित कपूरच्या व्योमकेशाशेजारी के. के. रैना यांचा अजित बसला.

सत्यजित राय यांनी फेलूदाला दोन सोबती दिले, आणि कामाची वाटणी करून दिली. चुलतभाऊ तोपशे, शाळकरी, गोष्ट सांगतो. लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू ‘सोनार केल्ला’पासून येतात. ते स्वतः खपाऊ साहसकथा लिहितात आणि त्यांत चुका करतात. उंटाच्या अंगात पाण्याची सोय कशी असते, याची त्यांची समजूत फेलूदाला दुरुस्त करावी लागते. मुलांसाठी लिहिणाऱ्या राय यांना भूगोल, प्राणी, इतिहास सांगायचा होता. तोपशेच्या तोंडून ते प्रश्न आले असते तर तो बावळट दिसला असता, आणि मग त्याच्या डोळ्यांवरचा आपला विश्वास उडाला असता. म्हणून अज्ञान जटायूंकडे गेलं आणि नजर तोपशेकडे राहिली. वॉटसनमध्ये या दोन गोष्टी एकत्र होत्या, आणि नायजेल ब्रूसच्या हातून बिघडलं ते तिथेच. अशोक जैन यांच्या मराठी अनुवादांतून फेलूदा वाचणाऱ्या माझ्या भाचीला जटायू जास्त आवडतात. पण कोडं सोडवायचं असेल तेव्हा ती तोपशेने काय लिहिलं आहे ते परत उघडून बघते.

ख्रिस्तीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॉयरोची शेवटची कादंबरी लिहून बाजूला ठेवली. ‘कर्टन’ नावाने ती १९७५ मध्ये छापली गेली. पॉयरो खुर्चीला खिळलेला आहे, आणि तो हेस्टिंग्जला परत बोलावून घेतो. त्याला पाय हवे आहेत, डोळे हवे आहेत. कोडं सुटण्याआधीच पॉयरो जातो. मागे हेस्टिंग्जसाठी दोन पुस्तकं ठेवतो, शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ आणि ‘जॉन फर्ग्युसन’ नावाचं नाटक. उत्तर त्या दोहोंत आहे. हेस्टिंग्ज ती हातात घेतो, चाळतो, पुन्हा चाळतो. आयुष्यभर तो पॉयरोच्या शेजारी बसून सगळं बघत आला, आणि आता शेजारची खुर्ची रिकामी आहे. चार महिन्यांनी वकिलाकडून पॉयरोच्या हस्ताक्षरातलं बाड येतं. ते उघडेपर्यंत हेस्टिंग्जपाशी जेवढं असतं, तेवढंच वाचकापाशीही असतं.